संहितेची तपासणी : व्यासपीठावर जाण्याआधी

विषय आहे ‘उसाला ठिबक सिंचन सक्तीचं करावं’. आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा, ठिकाण कोल्हापूर जिल्ह्यातलं एक महाविद्यालय. प्रत्येक संघात दोन वक्ते, एक अनुकूल बाजूचा आणि एक प्रतिकूल. वेळ ‘पाच अधिक दोन’, म्हणजे पाचव्या मिनिटाला पहिली घंटा आणि सातव्याला शेवटची. अनुकूल बाजूची संहिता लिहून तयार आहे आणि स्पर्धेला चार दिवस आहेत. ही संहिता या प्रकरणासाठी मी नमुना म्हणून बेतली आहे. महाविद्यालयीन संहितांमध्ये पुन्हापुन्हा दिसणारे गुण आणि दोष तिच्यात एकत्र आले आहेत.

अशी संहिता हातात आली की बहुतेक मार्गदर्शक पहिल्या ओळीपासून शब्द सुधारायला लागतात. इथे विशेषण बदल, तिथे चारोळी घाल, शेवट जोरकस कर. चार दिवसांत भाषा गुळगुळीत होते आणि भाषण आहे तिथेच राहतं. तपासणीला क्रम हवा. आधी मांडणी पाहायची, मग श्रोता आणि अगदी शेवटी अलंकार. क्रम उलटा झाला की चांगली वाक्यं कच्चा युक्तिवाद झाकून टाकतात, आणि ती वाक्यं आपणच घडवलेली असल्यामुळे पुढे ती काढवत नाहीत.

पहिलं काम अगदी रुक्ष आहे. शब्द मोजायचे. व्यासपीठावरून मराठी बोलताना मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात. प्रत्येकाचा वेग निराळा असतो, म्हणून वक्त्याला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला लावून घड्याळ लावणं उत्तम. आपला वक्ता मिनिटाला एकशे दहा शब्द बोलतो असं धरू. संहिता १०५० शब्दांची आहे, म्हणजे साडेनऊ मिनिटांची. सात मिनिटांत ती बसणार नाही हे तर दिसतंच. पण शब्द मोजण्याचा खरा उपयोग पुढे आहे. कोणत्या भागाला किती शब्द गेले ते समासात लिहून पाहायचं. या संहितेचा हिशोब असा निघतो : व्यासपीठावरच्या मान्यवरांना अभिवादन आणि एक शेर, ९० शब्द. पाण्याचं महत्त्व आणि दुष्काळ, २४० शब्द. ठिबकचे फायदे, ४३० शब्द. सक्ती का करावी, १३० शब्द. विरोधी मुद्द्यांचं खंडन ६० आणि समारोप १०० शब्द.

आता विषयाचं वाक्य पुन्हा वाचावं. त्यातला वादाचा शब्द कोणता? ‘ठिबक’ नव्हे, ‘सक्ती’. ठिबक चांगलं असतं हे प्रतिकूल बाजूचा वक्ताही पहिल्याच मिनिटात मान्य करेल आणि म्हणेल, ‘म्हणूनच ते शेतकऱ्याला पटवून द्या, अनुदान द्या, पण लादू नका.’ त्या क्षणी आपले ४३० शब्द वाया गेलेले असतील. न्यायशास्त्रात या दोषाला ‘सिद्धसाधन’ असं नाव आहे. समोरच्याला आधीच मान्य असलेली गोष्ट सिद्ध करत बसणं म्हणजे सिद्धसाधन. वादविवादाच्या संहितांमध्ये मला हा दोष सर्वांत जास्त वेळा आढळतो, कारण मान्य गोष्ट सिद्ध करणं सोपं असतं आणि तिच्याबद्दल माहितीही भरपूर मिळते. शब्दांचा हिशोब मांडला की तो लपत नाही. ज्या मुद्द्यावर खरा वाद आहे, त्याला एकूण शब्दांच्या आठव्या भागाइतकीही जागा मिळालेली नाही.

मग सक्तीबद्दलचे ते १३० शब्द नीट तपासू. त्यासाठी गौतमाच्या न्यायसूत्रांतले पाच अवयव अजूनही कामाला येतात : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. प्रतिज्ञा म्हणजे आपलं विधान. हेतू म्हणजे त्याचं कारण. उदाहरणात नुसता दाखला नसतो, त्या दाखल्यामागचा नियमही सांगावा लागतो. उपनय म्हणजे तो नियम आपल्या प्रकरणाला लागू पडतो हे दाखवणं, आणि निगमन म्हणजे मूळ विधान सिद्ध झालं असं म्हणून त्याच्याकडे परतणं. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे आग आहे, या जुन्या उदाहरणात जिथे धूर असतो तिथे आग असते हा नियम आणि स्वयंपाकघराचा दाखला दोन्ही येतात. तपासणी करताना मी संहितेच्या प्रत्येक मुद्द्यासमोर हे पाच शब्द उभे लिहितो आणि कोणत्या शब्दासमोर वाक्य सापडतं ते पाहतो.

आपल्या संहितेत प्रतिज्ञा आहे : सक्ती करावी. हेतू आहे : शेतकरी स्वतःहून ठिबककडे वळत नाही. उदाहरण आहे हेल्मेटचं. सरकारने हेल्मेटची सक्ती केली, आधी विरोध झाला, पण जीव वाचले. उपनय नाही. निगमनाच्या जागी घोषणा आहे.

उपनय लिहायला बसल्यावरच उदाहरणाचा कच्चेपणा कळतो. हेल्मेट न घालणाऱ्याचं डोकं स्वतःचं असतं. तिथे सक्तीमागचा नियम ‘माणसाला त्याच्या स्वतःच्या बेफिकिरीपासून वाचवावं’ असा होतो. तो उसाला लावला तर शेतकऱ्याला स्वतःचं हित कळत नाही असं म्हणावं लागतं. हे सिद्ध करणं अवघड आहे आणि ऊसपट्ट्यातल्या सभागृहात तर आत्मघातकी. सक्तीचं समर्थन करणारा भक्कम नियम निराळा आहे : जिथे एकाच्या वापराचा तोटा दुसऱ्याला सोसावा लागतो आणि वापरणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही, तिथे नुसत्या विनंतीवर भागत नाही. कारखान्यांना सांडपाणी प्रक्रिया करूनच सोडण्याची सक्ती असते ती याच नियमाने. नदीकाठचं खालचं गाव ते पाणी पितं, म्हणून. हेल्मेट काढून सांडपाण्याचा दाखला घातला की वाक्यं तेवढीच राहतात, पण युक्तिवादाला पाया मिळतो.

हेतूही जरा आत जाऊन विचारायला हवा. शेतकरी स्वतःहून का वळत नाही? संहितेतलं उत्तर आहे ‘जागृतीचा अभाव’. हे उत्तर प्रतिपक्षाच्या हातात आयतं शस्त्र देतं : जागृती नसेल तर जागृती करा, सक्ती कशाला? त्यापेक्षा खरं कारण पाणीपट्टीत आहे. आपल्याकडे ती बहुतांशी पिकाच्या क्षेत्रावर आकारली जाते, प्रत्यक्ष वापरलेल्या पाण्यावर नाही. एकरभर उसाला कमी पाणी दिलं तरी पट्टी तेवढीच. म्हणजे बचत करणाऱ्याला खर्च करावा लागतो आणि बचतीचा आर्थिक लाभ त्याच्या पदरात पुरता पडत नाही. हा हेतू सांगितला की सक्तीची गरज आपोआप उभी राहते आणि शेतकऱ्याला अडाणी ठरवावं लागत नाही.

मांडणी तपासताना आकड्यांचीही झडती घ्यावी. संहितेत वाक्य आहे : ‘राज्यातलं ७० टक्के पाणी एकटा ऊस पितो.’ हा आकडा हवेतला नाही. केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या ऊसविषयक अहवालात महाराष्ट्राबद्दल असं म्हटलेलं आहे, की एकूण पीकक्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी जमिनीवरचा ऊस सिंचनाच्या जवळपास ७० टक्के पाण्याचा वाटा घेतो. पण ‘सिंचनाचं पाणी’ आणि ‘राज्यातलं पाणी’ यांत मोठं अंतर आहे. ‘सिंचन’ हा एक शब्द गळाला की खरा आकडा खोटा होतो, आणि प्रतिपक्षातला अभ्यासू विद्यार्थी तेवढं एकच वाक्य पकडून सगळ्या भाषणाबद्दल शंका निर्माण करू शकतो. म्हणून प्रत्येक टक्केवारीपुढे समासात एक प्रश्न लिहायचा : कशाचे?

यापेक्षा गंभीर त्रुटी खंडनाच्या साठ शब्दांत आहे. तिथे एकच विरोधी मुद्दा घेतला आहे, ‘ठिबकचा खर्च परवडत नाही’, आणि त्याला अनुदानाचं उत्तर दिलं आहे. हा प्रतिपक्षाचा सर्वांत दुबळा मुद्दा आहे. दुबळा मुद्दा निवडून त्याला पाडणं परीक्षकांच्या लगेच लक्षात येतं. तपासणाऱ्याने इथे काही काळ बाजू बदलावी आणि प्रतिकूल बाजूचं भाषण स्वतः लिहून पाहावं. पूर्ण नको, पाच वाक्यं पुरतात. तीन मोठे हल्ले दिसतात. एक, ही सक्ती नवी नाहीच. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात बारमाही पिकांना ठिबक किंवा तुषार सिंचनाची अट घालण्याची तरतूद आहे आणि जुलै २०१७ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उसासाठी टप्प्याटप्प्याने ठिबक सक्तीचं करण्याचा निर्णयही घेतला होता. मग आधीच्या सक्तीतून काय साधलं, हा प्रश्न येणारच. दोन, अंमलबजावणी कोण आणि कशी करणार? तिसरा हल्ला सर्वांत अवघड आहे : ठिबकने वाचलेलं पाणी जातं कुठे? शेतकरी त्याच पाण्यावर आणखी एकर-दोन एकर ऊस लावतो आणि खोऱ्यातला एकूण वापर कमी होत नाही. जगभरच्या सिंचन अभ्यासकांनी हा मुद्दा मांडला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०१७ मध्ये या विषयावर एक स्वतंत्र अहवालच काढला होता. संहितेत यातल्या एकाही मुद्द्याला स्पर्श नाही.

या तिसऱ्या हल्ल्याला उत्तर कसं द्यायचं हे आपण लगेच ठरवू नये. ते दुसऱ्या तपासणीत, म्हणजे श्रोत्याच्या तपासणीत, अनपेक्षितपणे सापडतं.

श्रोत्याचा विचार म्हणजे ‘समोर विद्यार्थी आहेत, सोपं बोल’ एवढाच नव्हे. समोर कोण बसलं आहे, त्यांचं या विषयात काय गुंतलेलं आहे आणि ते आधीच काय मानतात, हे तीन प्रश्न प्रत्येक परिच्छेदाला विचारायचे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सभागृहात निम्म्याहून अधिक जणांच्या घरी ऊस असेल असं धरून चालावं. कुणाची कॉलेजची फी उसाच्या बिलातून भरली गेली असेल. त्या श्रोत्यांसमोर अभिवादन आणि शेर झाल्यावर आपली संहिता अशी सुरू होते : ‘एकीकडे लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागतं आणि दुसरीकडे ऊसवाला शेतकरी पाटाने पाणी उधळतो!’

पाण्याची ती रेल्वे खरी आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी पोहोचवलं गेलं आणि ते दृश्य राज्याच्या मनात राहिलं. लातूरच्या सभागृहात ही सुरुवात फार परिणामकारक होईल, कारण तिथल्या श्रोत्याने ते दिवस स्वतः काढलेले आहेत. कोल्हापुरात मात्र त्या वाक्याचे तीन वेगवेगळे अर्थ होतात. परीक्षकाला ते परिचित वाटेल, कारण आदल्या चार वक्त्यांनीही तेच वापरलेलं असेल. ऊस उत्पादकाच्या मुलीला तो आरोप वाटेल. आणि प्रतिस्पर्धी विचारेल : मिरजेच्या शिवारातल्या उसाने ठिबक घेतलं असतं तर लातूरचं धरण भरलं असतं का? दोन्ही गावं वेगवेगळ्या खोऱ्यांत आहेत. लातूर मांजरेच्या, म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यात, आणि मिरज कृष्णेच्या. दृश्य हलवून टाकणारं आहे, पण या ठिकाणच्या युक्तिवादाशी त्याचा सांधा जुळत नाही.

अशा वेळी श्रोत्याच्या घराजवळचं उदाहरण शोधायचं. शिरोळ तालुक्यातल्या आणि कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी या श्रोत्यांनी पाहिलेल्या आहेत. वर्षानुवर्षं भरपूर पाणी देऊन, निचरा न झाल्याने, क्षार वर येऊन नापीक झालेली काळी जमीन. त्यात एक गोष्ट अशी आहे जी आपल्या युक्तिवादाला नेमकी हवी होती. वरच्या शेतात दिलेलं जादा पाणी जमिनीखालून झिरपत सखल शेतात उतरतं. म्हणजे पाणी एकाने जास्त दिलं आणि जमीन शेजाऱ्याची गेली, असं घडू शकतं. एकाच्या वापराचा तोटा दुसऱ्याला, हाच तो नियम. कारखान्याच्या सांडपाण्याचा दाखला आणि शिरोळचं शिवार यांच्यामध्ये आता उपनय लिहिता येतो.

आणि याच ठिकाणी तिसऱ्या हल्ल्याचं उत्तरही मिळतं. आपण ‘ठिबकमुळे राज्याचं पाणी वाचेल’ असा दावा केला, तर वाचलेलं पाणी कुठे जातं याचं उत्तर द्यावंच लागतं, आणि ते सात मिनिटांत देता येत नाही. पण ‘एका एकरात गरजेपेक्षा जास्त पाणी ओतल्याने माझी आणि शेजाऱ्याची जमीन जाते’ असा दावा केला, तर दुसऱ्या एकरात ऊस वाढला तरी तो दावा उभा राहतो. दावा लहान झाला, पण भक्कम झाला. अर्थात त्याची किंमतही मोजावी लागते. दुष्काळ, लातूर आणि पाण्याचं राज्यव्यापी वाटप यांवर बोलण्याचा मोह सोडावा लागतो. काही परीक्षकांना विषय अरुंद केल्यासारखं वाटेल. मला स्वतःला ही किंमत योग्य वाटते. सात मिनिटांत एक गोष्ट पूर्ण सिद्ध करणारा वक्ता चार गोष्टींना हात लावून जाणाऱ्यापेक्षा लक्षात राहतो.

श्रोत्याचं मन सांभाळून त्याला न रुचणारी गोष्ट कशी सांगावी, याचा वस्तुपाठ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात आहे. संहिता तपासायला शिकणाऱ्याने ते भाषण पेन्सिल घेऊन वाचावं. समोर बसलेल्यांपैकी बहुतेक काँग्रेसचे सदस्य होते आणि त्यांतल्या अनेकांचं सार्वजनिक आयुष्य सत्याग्रहात आणि तुरुंगात गेलेलं होतं. त्यांना बाबासाहेबांना सांगायचं होतं, की आता सत्याग्रह, असहकार आणि कायदेभंग हे मार्ग सोडून द्यावे लागतील. हे त्यांनी भाषणाच्या सुरुवातीला सांगितलं नाही. आधी त्यांनी संविधानाच्या कामाचं श्रेय वाटून दिलं. बी. एन. राव आणि एस. एन. मुखर्जी यांचं नाव घेतलं, काँग्रेस पक्षाच्या शिस्तीमुळे मसुदा सुरळीत पार पडला असं म्हटलं, शिवाय चर्चेत सतत हरकती घेणाऱ्या सदस्यांचेही आभार मानले. टीकाकारांना उत्तरं दिली. त्यानंतर भाषण इशाऱ्यांकडे वळलं. सत्याग्रहाचा मुद्दा आला तेव्हाही त्यांनी श्रोत्यांच्या भूतकाळाला चूक म्हटलं नाही. घटनात्मक मार्गच उपलब्ध नव्हते तेव्हा त्या मार्गांना समर्थन होतं, आता घटनात्मक मार्ग खुले झाले आहेत, म्हणून ते समर्थन उरलेलं नाही, अशी ती मांडणी आहे. श्रोत्याला आपल्या आयुष्याशी बेइमानी न करता वक्त्याशी सहमत होता येतं.

आपल्या संहितेत ‘पाणी उधळतो’ हे क्रियापद नेमकं याच्या उलट काम करतं. ऊस लावणं ही चूक होती असं त्यातून ध्वनित होतं. त्याऐवजी असं म्हणता येईल : पाटपाणी आलं तेव्हा तेच एक साधन हातात होतं, त्या पाण्यावर उसाने सहकारी कारखाने उभे केले, शाळा-कॉलेजं उभी केली. आज दुसरं साधन हातात आहे आणि जमीन मात्र तीच आहे. श्रोता आरोपी राहत नाही, वक्त्याबरोबर उभा राहतो. हे वाक्य लातूरच्या सभागृहात वाचलं तर मात्र मिळमिळीत वाटेल. तिथे रेल्वेच परत आणावी लागेल आणि मांजरा खोऱ्यातल्याच उसाबद्दल बोलावं लागेल. विषय तोच, बाजूही तीच, तरी गाव बदलला की संहितेची पहिली दोन मिनिटं नव्याने लिहावी लागतात.

आता अलंकार. इथे तपासणीची रीत एकच आहे : तो अलंकार काढून पाहायचा. काढल्यावर अर्थ किंवा युक्तिवाद कमी झाला तर तो ठेवायचा. काहीच कमी झालं नाही तर तो फक्त वेळ खात होता. आंबेडकरांच्या त्याच भाषणात २६ जानेवारी १९५० रोजी आपण एका विसंगतीच्या जीवनात प्रवेश करणार आहोत असा भाग येतो : राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता. हा विरोध तिथे सजावटीसाठी नाही. तोच तिसऱ्या इशाऱ्याचा कणा आहे. तो काढला तर इशारा उरत नाही. शिवाय राजकीय लोकशाहीला सामाजिक लोकशाहीचा आधार का लागतो हे आधी समजावून झाल्यावर तो येतो, त्यामुळे श्रोता त्याच्यासाठी तयार असतो.

आपल्या संहितेतली दुष्काळाची २४० शब्दांची मांडणी सात प्रश्नांनी भरली आहे. ‘आपण किती दिवस झोपणार? पाणी संपल्यावर जागे होणार? शेतकऱ्याला हे का कळत नाही?’ असे प्रश्न ओळीने येतात. प्रश्नार्थक वाक्याचा धोका असा की सभागृहाला त्याचं उत्तर देण्याची मुभा असते. शेवटच्या प्रश्नाला मागच्या रांगेतून ‘कळतंय, पण पैसे कुठायत?’ असं उत्तर आलं तर पुढची तीस सेकंदं वक्त्याच्या हातात राहत नाहीत. प्रश्न तेव्हाच ठेवावा, जेव्हा समोरच्या कुणाच्याही मनात त्याचं एकच उत्तर येईल आणि ते उत्तर आपल्या पुढच्या वाक्याला लागणारं असेल. ‘वरच्या बांधावरून उतरलेल्या पाण्याने खालची जमीन गेली, तर त्याची भरपाई आज कोण देतं?’ हा प्रश्न राहू शकतो. उत्तर ‘कुणीच नाही’ असं आहे, आणि तेच सक्तीकडे नेतं. त्या सातांऐवजी हा एक पुरे.

सुरुवातीचा शेरही याच कसोटीवर जातो. तो काढला तर काही बिघडत नाही. व्यासपीठावरच्या सर्वांची नावं आणि पदं घेण्याची प्रथा आपल्याकडे आहे, पण स्पर्धेत घड्याळ त्या पहिल्या शब्दापासून सुरू होतं. ‘सन्माननीय अध्यक्ष, परीक्षक आणि मित्रहो’ एवढं पुरतं.

पुनरुक्तीचं निराळं आहे. वाचताना ती कंटाळवाणी दिसते आणि ऐकताना आधार देते, म्हणून कागदावरून तिचा निकाल लावू नये. संहिता मोठ्याने वाचून, कागद न बघणाऱ्या कुणाला तरी ऐकवून, मग ठरवावं. श्रोत्याला पान मागे उलटता येत नाही. ‘पाणी माझं, जमीन शेजाऱ्याची’ असं चार शब्दांचं एखादं वाक्य तीन ठिकाणी आलं, एकदा शिरोळच्या उदाहरणानंतर, एकदा खंडनात आणि एकदा समारोपात, तर परीक्षकाच्या वहीत तेच लिहिलं जातं. चौथ्यांदा आलं तर ते घोषणेसारखं वाटतं.

कानाची आणखी एक तपासणी मराठीत विशेष लागते, कारण आपलं क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येतं. संहितेतलं हे वाक्य पाहा : ‘ज्या शेतकऱ्यांनी शासनाच्या विविध योजनांचा लाभ घेऊन आपल्या उसाच्या क्षेत्रात ठिबक सिंचन प्रणाली बसवली आणि त्याद्वारे पाण्याची व खतांची बचत केली त्या शेतकऱ्यांचे उत्पादन वाढल्याचे दिसून येते.’ वाचताना ते कळतं. ऐकताना मात्र ‘ज्या’पासून ‘त्या’पर्यंत सगळं धरून ठेवावं लागतं आणि ‘दिसून येते’ येईपर्यंत पहिला भाग निसटतो. बोलण्यासाठी ते असं होतं : ‘काही शेतकऱ्यांनी ठिबक बसवलं. पाणी कमी लागलं, खतही कमी लागलं. ऊस मात्र वाढला.’ शेवटचे तीन शब्द इथे खरोखर अलंकाराचं काम करतात, आणि त्यासाठी अलंकार शोधावा लागला नाही.

या सगळ्या तपासणीनंतर संहितेचा नवा हिशोब साधारण असा व्हावा : अभिवादन १५ शब्द, शिरोळच्या शिवारातली सुरुवात ८५, जादा पाण्याने जमीन कशी जाते ते १२०, सक्तीच का याला २४०, खंडनाला १६०, समारोप ८०. एकूण ७००, म्हणजे आपल्या वक्त्याच्या वेगाने साडेसहा मिनिटांच्या आत. उरलेलं अर्धं मिनिट थांबण्यासाठी, एखाद्या टाळीसाठी आणि आयत्या वेळच्या खंडनासाठी मोकळं ठेवायचं. ठिबकच्या फायद्यांचे ४३० शब्द आता कुठेच स्वतंत्र दिसत नाहीत. त्यातली आवश्यक तीन वाक्यं सक्तीच्या युक्तिवादात विरघळली आहेत. खंडनात २०१७ चा निर्णय वक्त्याने स्वतःच काढावा आणि म्हणावं, की निर्णय घेणं आणि तो पेलण्याची सोय करणं या दोन गोष्टी आहेत. कर्जाची व्यवस्था आणि कारखान्याच्या ऊसबिलातून हप्त्याने वसुली या सोयीसकटच आपण सक्ती मागतो आहोत. प्रतिपक्षाने काढण्याआधी आपण काढलेला मुद्दा निम्मा बोथट होतो.

कागदावरच्या तपासणीला मर्यादा आहेत. मार्टिन ल्यूथर किंग यांनी २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये केलेल्या भाषणातला स्वप्नाचा जगप्रसिद्ध भाग त्या दिवशीच्या लिखित मसुद्यात नव्हता. जवळ उभ्या असलेल्या गायिका महालिया जॅक्सन यांनी त्यांना स्वप्नाबद्दल सांगा असं म्हटलं आणि किंग यांनी कागद बाजूला ठेवला, असं त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितलेलं आहे. पण ही हकिकत उत्स्फूर्ततेचं समर्थन म्हणून सांगितली जाते तेव्हा एक तपशील राहून जातो. स्वप्नाची ती मांडणी त्यांनी आधीच्या भाषणांत वापरलेली होती, त्याच वर्षी जूनमध्ये डेट्रॉइटलाही. ती त्यांच्या तोंडात बसलेली होती. आयत्या वेळी जे सुचतं ते बहुधा आधी अनेकदा बोललेलं असतं, म्हणून संहितेबाहेरच्या दोन-तीन मुद्द्यांचाही सराव करून ठेवलेला बरा.

तपासणीची शेवटची खूण समासात करायची असते. पाचव्या मिनिटाची घंटा कोणत्या वाक्यावर वाजेल याचा अंदाज घेऊन तिथे एक रेघ मारावी, आणि तिच्यापुढच्या भागात वेळ कमी पडला तर गाळायची वाक्यं कंसात टाकावीत. आपल्या संहितेत कर्जवसुलीचा तपशील कंसात जाईल आणि २०१७ च्या निर्णयाचा उल्लेख कंसाबाहेर राहील, कारण तो राहिला नाही तर प्रतिपक्षाच्या पहिल्याच वाक्याला आपल्याकडे उत्तर नसेल. वक्त्याने घड्याळ लावून ही संहिता दोनदा म्हणावी, एकदा कंसासह आणि एकदा कंस गाळून, म्हणजे घंटा ऐकल्यावर कुठून कुठे उडी घ्यायची ते त्याला शोधावं लागणार नाही.